गोळ्यांच्या पाकिटाचा नुसता फोटो पाठवताय? आधी या चुका टाळा

रात्री साडेदहाला दुकानाचं शटर ओढतो आणि फोन वाजतो. व्हॉट्सॲपवर गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो. खाली एक अक्षर नाही. कुणासाठी, कशासाठी, काय हवंय, काहीच नाही. आमच्या तालुक्याच्या गावात मी तेवीस वर्षं मेडिकल चालवतोय, आणि गेल्या काही वर्षांत असा एक दिवस गेलेला नाही.

नुसत्या फोटोतली पहिली अडचण अशी, की तो बघणारा प्रत्येक जण आपल्या मनातला प्रश्न त्याला चिकटवतो. दुकानदाराला वाटतं, "हेच पाकीट काढून ठेवा." घरच्या ग्रुपवरच्या माणसाला वाटतं, "किती घ्यायच्या ते सांगा." विचारणाऱ्याला खरं तर विचारायचं असतं, "ही अजून चालू ठेवायची का?" या घोटाळ्यात मी स्वतः सापडलोय, म्हणून ती गोष्ट सविस्तर सांगतो.

आमच्या नेहमीच्या एक काकू, वय अठ्ठावन्न, संधिवाताच्या. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट १० मिलीग्रॅमची एक गोळी आठवड्यातून एकदाच, रविवारी, लिहून दिली होती. सोबत फॉलिक ॲसिड ५ मिलीग्रॅम, बुधवारी आणि शुक्रवारी. दोन्ही गोळ्या लहान, पिवळट. पावसात चिठ्ठी भिजली, अक्षरं गेली. मुलगा पुण्याला. काकूंनी शेजारच्या पोराकडून दोन्ही पाकिटांचा फोटो काढून मुलाला पाठवला, मुलानं तो तसाच घरच्या ग्रुपवर टाकला आणि मलाही पाठवला.

मी तो ऑर्डर समजलो. चिठ्ठी न मागता दोन्ही पाकिटं बांधून ठेवली, पोरगा येऊन घेऊन गेला. तिकडे ग्रुपवर एका भाच्यानं उत्तर दिलं, "दोन्ही रोज एक-एक, जेवणानंतर." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. बहुतेक गोळ्या रोजच घ्यायच्या असतात, म्हणून त्यानं अंदाज केला.

आठव्या दिवशी तोच पोरगा परत आला. "काका, आजीचं तोंड आलंय, जेल द्या." मी जेल काढलंही होतं. मग सहज विचारलं, "आणखी काय चालू आहे?" तो म्हणाला, "त्याच दोन गोळ्या, रोज." माझ्या हातापायातलं त्राण गेलं. आठवड्याला १० मिलीग्रॅम जायचं तिथे सात दिवसांत ७० गेलं होतं. हे औषध पेशींची वाढ थांबवतं. आठवड्यातून एकदा घेतलं तर शरीराला सावरायला मधले सहा दिवस मिळतात. रोज घेतलं तर तोंडाच्या आतलं अस्तर सोलतं आणि हाडांच्या मगजात रक्तपेशी तयार होणं मंदावतं. म्हणून तोंड येणं ही इथे उष्णता नसते, धोक्याची पहिली खूण असते. त्यानंतर ताप, जुलाब, अंगावर काळेनिळे डाग. जेल लावून ती खूण झाकली असती, तर आणखी चार दिवस गोळी चालू राहिली असती.

गाडी करून त्यांना जिल्ह्याच्या गावी पाठवलं. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही खाली आले होते. ल्युकोव्होरिनची इंजेक्शनं दिली. या गडबडीवरचा उतारा तोच, आणि जितक्या लवकर मिळेल तितका चांगला. अकरा दिवसांनी काकू घरी आल्या.

तेव्हापासून चिठ्ठी पाहिल्याशिवाय मी ही गोळी देत नाही. पाकिटावर जाड पेननं वार लिहितो, "फक्त रविवारी", आणि घेणाऱ्याकडून तो मोठ्यानं वदवून घेतो. नव्या पोरांना हे वेळखाऊ वाटतं. काउंटरवर गर्दी असली की त्यांना पाकीट द्यायचं, पैसे घ्यायचे आणि पुढचा. माझ्याकडे काम करायचं तर ही घाई चालणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगतो.

यातली मूळ चूक, म्हणजे पाकिटावर डोस लिहिलेला असतो असं समजणं. पाकीट उलटं करून नीट वाचा. एका गोळीत कोणतं औषध किती मिलीग्रॅम आहे ते लिहिलेलं असतं. आणि किती घ्यायची या जागी बहुतेक वेळा एवढंच, की डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे. म्हणजे ज्या प्रश्नासाठी फोटो पाठवला, त्याचं उत्तर फोटोत नसतंच. ते चिठ्ठीवर असतं. फोटो काढायचाच तर चिठ्ठीचा काढा, आणि दवाखान्यातून बाहेर पडतानाच काढा.

दुसरी चूक तापाच्या दिवसांत रोज दिसते. एकाच पाकिटाचा फोटो पाठवायचा आणि घरात चालू असलेली बाकीची सांगायची नाहीत. परवा एकांनी ६५० च्या पॅरासिटामॉलचा फोटो पाठवला. विचारल्यावर कळलं, ती दिवसातून तीनदा चालू होती, म्हणजे १९५०. सर्दीची वेगळी गोळी तीनदा, तिच्यातही ५०० पॅरासिटामॉल, म्हणजे १५००. अंगदुखीची दोनदा, तिच्यात ३२५, म्हणजे ६५०. बेरीज ४१०० मिलीग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० धरतात. हे गृहस्थ ४२ किलोचे, रोज पिणारे, तीन दिवस जेवण नाही. अशांना त्याहून बरंच कमी चालतं. यकृताला इजा झाली तरी पहिल्या दिवशी फारसं कळत नाही, मळमळ होते एवढंच, आणि ती तापाच्या नावावर खपून जाते. मी सर्दीची आणि अंगदुखीची दोन्ही बंद करायला लावली आणि सकाळी डॉक्टरांकडे पाठवलं.

बाकीच्या चुका थोडक्यात. नावापुढचं अक्षर फोटोत कापू नका. टेल्मिसार्टन ४० वेगळी आणि तिच्यापुढे एच असलेली वेगळी, एच म्हणजे आत लघवी वाढवणारं औषध आहे. नाव आणि तारीख असलेली बाजू आधी फाडू नका, गोळ्या दुसऱ्या टोकाकडून काढा. एसआर लिहिलेली गोळी चुरडायची नाही, ती पोटात हळूहळू औषध सोडणारी असते. शेजारणीला लागू पडलेली शुगरची गोळी तुम्हाला चालेल, हा विचारच सोडा.

मला असा फोटो आला की मी डोस लिहीत नाही, फोन करतो. कुणासाठी? वय, वजन किती? कुणी, कधी, कशासाठी दिली? चिठ्ठीवर काय लिहिलंय, रोज की आठवड्याला? शेवटची गोळी कधी घेतली? आणखी काय चालू आहे? मूत्रपिंड, यकृताचा त्रास, दिवस गेलेत का, पूर्वी कशानं अंगावर पुरळ आलं होतं का? दोन मिनिटं लागतात. चिठ्ठी सापडत नसेल, तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारायला सांगतो. तुम्हाला ग्रुपवर असा फोटो आला आणि उत्तर पक्कं ठाऊक नसेल, तर "डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका" एवढंच लिहा. मात्र बीपी, शुगर, फिट यांच्या रोजच्या गोळ्या असतील तर अंदाजानं बंदही करायला सांगू नका, त्याच दिवशी फोन लावून विचारायला सांगा.

चुकून जास्त गोळ्या गेल्याच असतील, तर फोटो पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका. पाकिटात किती गोळ्या उरल्या ते मोजा, कधीपासून घेतल्या ते कागदावर लिहा, आणि रिकामी पाकिटंसुद्धा पिशवीत घालून दवाखाना गाठा.