युआर्ट ट्रान्समिटर लिहिताय? आधी या चुका टाळा

दर वर्षी प्रोजेक्टच्या सीझनला सांगली-मिरजेची पोरं बोर्ड घेऊन येतात, "सर, ट्रान्समिटर चालतोय पण कधी कधी गडबड करतोय". "कधी कधी" ऐकलं की मी आधी एकच विचारतो, टेस्ट कुठल्या बाइटनं केलीस? उत्तर ठरलेलं, `U` नाहीतर `A`.

आता बघा की, `U` म्हणजे 0x55, त्यात १ चार वेळा. `A` म्हणजे 0x41, त्यात दोन वेळा. दोन्हीकडे सम, म्हणजे ईव्हन पॅरिटीची बिट ० च येणार. तुमची पॅरिटी कायमची ० ला चिकटलेली असली तरी या दोन बाइटना काहीच कळणार नाही.

आणि ती चिकटते कशी ते सांगतो, कारण यात माझेच दोन दिवस गेलेत. मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत्याकडे पोरांनी वजनकाटा बसवला होता, एफपीजीएतून ९६०० बॉडवर आठ बिट, ईव्हन पॅरिटी, एक स्टॉप असा डेटा बाहेरच्या डिस्प्लेला जायचा. ५० किलोचं वजन ठेवलं, डिस्प्लेवर 50.00, सगळे खूश, चहा झाला. दुसऱ्या दिवशी पोतं ठेवलं ५१.२० चं आणि डिस्प्ले दाखवतोय `5-.-0`. जे अक्षर पॅरिटीत नापास होईल तिथं तो डिस्प्ले रेघ काढायचा. आम्ही केबल बदलली, ग्राउंड बदललं, लोड सेलवर पण संशय घेतला. शेवटी कागदावर अंक मांडले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: 0, 3, 5, 6, 9 दिसतात आणि 1, 2, 4, 7, 8 गायब. गायब होणाऱ्या प्रत्येक अंकात १ विषम वेळा येतो. दशांश चिन्ह 0x2E, त्यात चार, म्हणून ते बिचारं कायम दिसायचं.

कोड उघडला तर `PARITY` स्टेटमध्ये लिहिलेलं `tx <= ^sh;`. अरे पण `sh` हे शिफ्ट रजिस्टर, आठ बिट बाहेर ढकलून वरून शून्यं भरत आलेलं, तिथं पोचेपर्यंत त्यात शिल्लक काय? शून्य. शून्याची पॅरिटी शून्य. म्हणून पॅरिटी बाइट घेतानाच काढून ठेवायची, मी तरी दुसरीकडे कुठंच काढत नाही:

```verilog
IDLE: begin
  tx <= 1'b1;
  if (send) begin
    sh    <= data;
    par   <= ^data;
    cnt   <= 0;
    bitn  <= 0;
    tx    <= 1'b0;
    state <= START;
  end
end
```

आणि टेस्ट `1` नं करा. 0x31, खालची बिट आधी जाते, म्हणून लाइनवर स्टार्टपासून स्टॉपपर्यंत `0 10001100 1 1` असंच दिसलं पाहिजे. शेवटून दुसरा १ म्हणजे पॅरिटी. तिथं ० दिसला की पुढं बघायची गरजच नाही.

वरच्या कोडातलं `cnt <= 0` बऱ्याच जणांना फालतू वाटतं. बॉडचा काउंटर आपला स्वतंत्र फिरतोय, ५० मेगाहर्ट्झला ० ते ५२०७, टिक आली की स्टेट बदलायची, झालं. पण बटण दाबलं जातं टिकच्या मध्येच कुठंतरी, तुम्ही लगेच `START` मध्ये गेलात आणि टिक जवळच आली असेल तर १०४ मायक्रोसेकंदांची स्टार्ट बिट ३० मध्येच संपते. रिसीव्हर लाइन खाली गेल्यावर अर्धा बिट थांबून परत बघतो, तोवर पहिली डेटा बिट सुरू झालेली. ती १ असेल तर त्याला वाटतं नुसता नॉइज होता, ० असेल तर तिलाच स्टार्ट समजतो आणि पुढचं सगळं एका घरानं सरकतं. गंमत म्हणजे सलग बाइट पाठवले तर हा बग दिसतच नाही, कारण `STOP` टिकवरच संपतो आणि पुढचा बाइट लगेच तिथूनच सुरू होतो, जवळजवळ पूर्ण स्टार्ट मिळते. म्हणून सिम्युलेशनमध्ये सलग दहा बाइट पाठवून "सर, चालतंय" म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. लॉजिक अॅनालायझर लावा, बटण दहा वेळा दाबा, स्टार्टची रुंदी मोजा. दर वेळी वेगळी आली की काउंटर मोकाट आहे.

बाकी किरकोळ. रीसेटला `tx` १ ठेवा, ० ठेवलात तर बोर्ड चालू होताच रिसीव्हर एक भुताचा बाइट वाचतो. `tx` फ्लॉपमधूनच काढा, कॉम्बिनेशनल लॉजिकमधून नको, स्टेट बदलताना बारीक टोचे येतात. आणि `busy` स्टॉप बिट सुरू झाली की खाली टाकणारे महाभाग, स्टॉप पूर्ण संपू दे की बाबांनो, एका बिटसाठी एवढी काय घाई, एसटी चुकतेय का!