समोर परदेशी सरकार असेल तर फाइल कुठून उघडायची?

आंतरराष्ट्रीय कायदा शिकून वकिलीत येणारी मुलं सार्वभौम राज्याच्या इम्युनिटीबद्दल, म्हणजे दुसऱ्या देशाच्या कोर्टात दावा न चालण्याच्या संरक्षणाबद्दल, बरंच वाचून आलेली असतात. 1812 सालचा स्कूनर एक्स्चेंज खटला त्यांना पाठ असतो. राज्याने राज्य म्हणून केलेल्या कृतीला इम्युनिटी आणि व्यापारी कृतीला नाही, हेही माहीत असतं. पण भारतीय कोर्टात परदेशी सरकारविरुद्धची पहिली फाइल हातात आली की प्रश्न वेगळाच निघतो, आणि त्याचं उत्तर पाठ्यपुस्तकाच्या त्या प्रकरणात नसतं. मी शिकाऊ वकिलांना या विषयासाठी दोन खटले शेजारी शेजारी ठेवून वाचायला सांगते. दोन्हींत वस्तुस्थिती जवळपास एकच आहे: वकिलातीत दुरुस्ती झाली आणि बिल थकलं.

पहिला खटला पश्चिम जर्मनीतला. तिथल्या इराणी वकिलातीची हीटिंग यंत्रणा एका कंपनीने दुरुस्त केली. बिल तीनशे मार्कांच्याही आतलं होतं. पैसे मिळाले नाहीत म्हणून कंपनी कोर्टात गेली आणि प्रकरण थेट घटनात्मक न्यायालयापर्यंत पोचलं. 1963 साली न्यायालयाने जी कसोटी लावली ती आजही सगळीकडे उद्धृत होते. व्यवहार कशासाठी केला हे बघायचं नाही, व्यवहार कोणत्या जातीचा आहे ते बघायचं. वकिलात उबदार ठेवणं हे राजनैतिक कामासाठीच असेल, पण दुरुस्तीचा करार कोणीही खाजगी माणूस करू शकतो. हेतू बघत बसलो तर सरकारचं एकही काम व्यापारी ठरणार नाही, कारण सैनिकांचे बूटसुद्धा शेवटी देशाच्या संरक्षणासाठीच घेतलेले असतात. इराणची इम्युनिटी नाकारली गेली. हा निर्णय न्यायाधीशांनी दिला, आणि कायद्याच्या कसोटीवर दिला, हे लक्षात ठेवा.

दुसरा खटला दिल्लीतला, हरभजन सिंग धल्ला विरुद्ध भारत सरकार. अल्जीरियाच्या वकिलातीत केलेल्या देखभाल-दुरुस्तीचं बिल थकलं होतं. इथे ठेकेदाराला थेट कोर्टात जाता येत नव्हतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 86 प्रमाणे परदेशी राज्यावर दावा लावायचा तर केंद्र सरकारची लेखी संमती लागते, तीही सचिवाच्या सहीच्या प्रमाणपत्रासह. त्याने परराष्ट्र मंत्रालयाकडे संमती मागितली. मंत्रालयाने ‘राजकीय कारणास्तव’ ती नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1986 मध्ये न्यायालयाने म्हटलं की एवढं मोघम कारण चालणार नाही. अर्जदाराचं म्हणणं ऐका आणि कारणं देऊन कायद्याप्रमाणे नव्याने आदेश काढा. निकाल चांगलाच आहे. पण जर्मनीत न्यायाधीशाने सोडवलेला प्रश्न आपल्याकडे आधी मंत्रालयाच्या टेबलावर जातो, ही गोष्ट त्यामुळे बदलली नाही. अमेरिकेने 1976 आणि ब्रिटनने 1978 साली राज्याच्या इम्युनिटीवर स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे तसा कायदा नाही. याच विषयावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2004 च्या करारावर भारताने 2007 मध्ये सही केली, पण तो अजून अनुसमर्थित केलेला नाही.

म्हणून नव्या माणसाने कलम 86 चं उपकलम (2) शब्दन् शब्द वाचावं. संमती देण्यासाठी चारपैकी एक तरी गोष्ट सरकारला दिसली पाहिजे. त्या राज्याने स्वतःच आपल्या अशिलावर दावा लावलेला असावा. किंवा ते त्या कोर्टाच्या स्थानिक हद्दीत व्यापार करत असावं. किंवा हद्दीतली स्थावर मालमत्ता त्याच्या ताब्यात असून दावा तिच्याबद्दलचा असावा. किंवा त्याने आपला विशेषाधिकार उघडपणे वा वागण्यातून सोडून दिलेला असावा.

यातला व्यापाराचा मुद्दा आणि जर्मन न्यायालयाची कसोटी एकच आहे असं धरून चालू नका. तिथे प्रश्न असतो की हा एक व्यवहार कसा होता. इथे मजकूर विचारतो की हे राज्य या हद्दीत व्यापार करतं का. सरकारी जहाज कंपनी मुंबई बंदरातून माल नेत असेल तर उत्तर सोपं आहे. पण एकदाच गळकं छत दुरुस्त करून घेणारी वकिलात ‘व्यापार करते’ का, यावर खरा वाद होऊ शकतो. असा अशील आला तर मी सगळ्यात आधी करारात अधिकारक्षेत्र मान्य केल्याचं कलम शोधते. विशेषाधिकार सोडल्याचं दाखवता आलं तर व्यापाराचा वाद घालावाच लागत नाही.

आता मुदतीचं बघू. संमतीच्या अर्जाला वेळ लागतो आणि पैशाच्या दाव्याची मुदत बहुधा तीन वर्षांची असते. मुदत अधिनियमाच्या कलम 15(2) प्रमाणे संमती मिळवण्यात गेलेला वेळ वजा होतो. त्यासाठी अर्ज कोणत्या तारखेला दिला आणि आदेश कोणत्या तारखेला हाती आला, याचे पुरावे लागतात. म्हणून अर्ज पोच घेऊनच द्या आणि पोच फाइलच्या पहिल्या पानावर लावा. आपला अशील परदेशी राज्याचाच भाडेकरू असेल आणि भाडेकरू म्हणून दावा लावत असेल तर कलम 86 चं परंतुक वाचा, तिथे संमतीची गरज नाही.

आता मुंबईचं प्रकरण, कारण त्यात संमतीचा अडसर वेगळ्याच वाटेने दूर झाला. 1992 मध्ये इथल्या एका व्यापाऱ्याने रिअ‍ॅक्टिव्ह डायचा माल इथिओपियन एअरलाइन्समार्फत दार-ए-सलामला पाठवला. माल फार उशिरा पोचला आणि त्यामुळे खराब झाला, अशी त्याची तक्रार होती. विमान कंपनी इथिओपिया सरकारची. महाराष्ट्र राज्य ग्राहक आयोगाने कलम 86 ची संमती नाही म्हणून तक्रार चालणार नाही असं ठरवलं. राष्ट्रीय आयोगाने ते फिरवलं आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आयोगाची बाजू उचलून धरली. ग्राहक संरक्षण कायद्याने दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या मोजक्याच तरतुदी उचलल्या आहेत आणि कलम 86 त्यांत नाही. शिवाय विमान वाहतुकीच्या कायद्यात करारात सामील राज्यांनी या बाबतीत न्यायालयाचा अधिकार मान्य केल्याचं धरलं जातं. व्यापारी करार करणाऱ्या राज्याने तो इतरांसारखाच पाळायला हवा, असंही न्यायालयाने म्हटलं. माझ्या मते वकिलाच्या कामाचा धडा पहिल्या मुद्द्यात आहे: इम्युनिटीवर पानं खर्च करण्याआधी आपला मंच कलम 86 च्या कक्षेत येतो का ते तपासा. 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही लवादाच्या निवाड्याची अंमलबजावणी करायला ही संमती लागत नाही असं ठरवलं. त्यामुळे परदेशी सरकारशी करार करणाऱ्या अशिलाला मी लवादाचं कलम सोडू देत नाही.

दावा जिंकला तरी वसुली बाकीच राहते. उपकलम (3) नुसार हुकूमनाम्याच्या दरखास्तीलाही पुन्हा संमती लागते. त्यातही हात कशाला घालायचा हा प्रश्न उरतोच. 1984 मध्ये लंडनला अल्कॉम या कंपनीने कोलंबियाच्या वकिलातीला पुरवलेल्या सुरक्षा उपकरणांच्या पैशांसाठी वकिलातीच्या बँक खात्यावर टाच आणली. तेव्हा ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने खातं मोकळं केलं. त्याच खात्यातून पगार होतात, व्हिसाचं काम चालतं आणि खरेदीही होते, त्यामुळे पूर्ण खातं फक्त व्यापारासाठी राखून ठेवलेलं आहे असं दाखवता आलं नाही. उद्देश इथे परत येतो. दावा चालवताना व्यवहाराचं स्वरूप बघतात, पण टाच आणताना मालमत्ता कशासाठी वापरली जाते ते बघतात. म्हणून अशिलाला पहिल्याच भेटीत विचारा की पैसे आजवर कोणत्या खात्यातून आले, आणि या राज्याची विमान कंपनी, जहाज किंवा व्यापारी कार्यालय इथे आहे का. मात्र सरकारी मालकीची कंपनी आणि सरकार कायद्याने वेगळ्या व्यक्ती असू शकतात, आणि एकाच्या कर्जासाठी दुसऱ्याची मालमत्ता आपोआप धरता येत नाही.