भावंडांच्या भेटवस्तूंची तयारी: आकडा आधी, चिठ्ठ्या नंतर

गड्ड्याच्या यात्रेला आमची चुलत, आते आणि मामे भावंडे सोलापुरात जमतात. मागच्या जानेवारीत भेटवस्तूंच्या अदलाबदलीची जबाबदारी मी घेतली आणि ती बिघडवली, म्हणून यंदासाठी ही यादी लिहून ठेवतो आहे. आम्ही अकरा जण आहोत. सर्वांत धाकटा 9 वर्षांचा आहे आणि थोरला दादा 46 चा. तिघे शाळेत शिकतात, उरलेल्या आठ जणांत पुण्यात संगणकावर काम करणारे दोघे आहेत आणि टॉवेलच्या कारखान्यात आठवड्याच्या मजुरीवर काम करणारी एक ताईही आहे.

दिवस, वेळ आणि जेवण यांबद्दल लिहायला नको, ते आपोआप ठरते. खर्चाची मर्यादा मात्र आपोआप ठरत नाही. मागच्या वेळी मी फोनवरच्या गटात “पाचशे रुपये, चालेल ना?” असे विचारले आणि पाच मिनिटांत सगळ्यांचे अंगठे वर झाले. ताईनेही अंगठा दाखवला होता. त्या पाचशेसाठी तिने मालकाकडून उचल घेतली होती, हे मला होळीच्या सुमारास कळले. दहा जणांच्या देखत “मला परवडत नाही” असे कोण लिहील? म्हणून आकडा उघडपणे विचारू नये.

आकडा बंद चिठ्ठीत मागावा. एकाच वहीची पाने फाडून सारख्या मापाचे तुकडे करावेत, पेनही एकच ठेवावे आणि अक्षरी रक्कम न लिहिता फक्त अंक लिहायला सांगावे, कारण घरात एकमेकांचे अक्षर सगळे ओळखतात. परगावच्यांनी आपला आकडा आत्याला फोनवर सांगावा. चिठ्ठ्या खेळात नसलेल्या आत्याने एकटीने उघडाव्यात, सर्वांत लहान आकडा तेवढा जाहीर करावा आणि बाकीच्या फाडून टाकाव्यात. सरासरी काढू नये. समजा, आठ जणांनी 1000, 500, 500, 400, 300, 250, 200 आणि 150 असे लिहिले, तर सरासरी 412 च्या वर जाते आणि आठांपैकी पाच जणांना ती पेलत नाही. मर्यादा 150 हीच धरावी. थोरला दादा “दीडशेत काय येते?” असे विचारणारच. त्याला सांगावे, की जुन्या वाड्यातला सगळ्यांचा एक फोटो छापून चौकटीत बसवता येतो, कुंडीसह रोपटे येते आणि चाटी गल्लीतल्या उरल्यासुरल्या कापडाची पिशवीही शिवून होते.

ही मर्यादा वरूनही पाळायची आहे, हे पुन्हा लिहितो, कारण सढळ हाताच्या माणसाला ते पटत नाही. दीडशेच्या खेळात एकाने दोन हजारांचे घड्याळ आणले, तर इतर दहा पुड्या तिथल्या तिथे फिक्या पडतात. ज्याला जास्त खर्च करायचा आहे त्याने आत्याच्या डब्यात गुपचूप पैसे टाकावेत. त्यातून शाळकरी तिघांना खरेदीसाठी प्रत्येकी दीडशे द्यावेत आणि उरलेल्यात सगळ्यांनी गड्ड्यावर पाळण्यात बसावे. आकडा महिनाभर आधी ठरावा, म्हणजे मजुरीतून थोडे थोडे बाजूला काढता येते. आणि तो बंद चिठ्ठीतूनच ठरावा.

आता नावे. वाटीतून नावाच्या चिठ्ठ्या उचलल्या, तर अकरा जणांत शंभरपैकी सुमारे 63 वेळा निदान एकाला स्वतःचेच नाव येते आणि सगळे पुन्हा सुरू करावे लागते. त्यापेक्षा आत्याने चिठ्ठ्या मिसळून जमिनीवर गोल मांडाव्यात, सख्खी भावंडे शेजारी आली तर जागा बदलावी आणि प्रत्येकाला फक्त त्याच्या उजवीकडचे नाव कानात सांगावे. प्रत्येक नावासोबत वय आणि एक आवड कळवावी. मागच्या वेळी नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती चामड्याचे पाकीट पडले होते आणि ते तो दिवसभर रिकामेच उघडून बघत होता.

चादर, टॉवेल आणि शेंगाचटणी सोलापुरात राहणाऱ्याला देऊ नये, परगावच्याला खुशाल द्यावी. किमतीची चिठ्ठी काढून टाकावी. पुड्या सगळ्यांनी एकाच रंगाच्या कागदात बांधाव्यात. आयत्या वेळी येणाऱ्यासाठी एक जास्तीची पुडी ठेवावी, तिचे पैसे डब्यातून. उघडताना धाकट्यापासून सुरुवात करावी. कागद उचलायला कोणीतरी थांबावे.

आणि गटात “चालेल ना?” असे कोणी लिहिलेच, तर त्यावर अंगठा न दाखवता आत्याला फोन करावा.