समोरचा पहिल्या घरावर बसलाय? बॅकगॅमनमध्ये सोंगट्या बाहेर काढताना या चुका टाळा

समोरच्याच्या दोन सोंगट्या आपल्या पहिल्या घरावर ठाण मांडून बसल्या आहेत आणि आपण जिंकत आलोय. बॅकगॅमनमधले बरेच हातातले डाव इथेच जातात. तो दुसरे काहीच करत नसतो, फक्त आपली एखादी सोंगटी एकटी पडायची वाट बघत असतो. आणि आपण ती पाडतो, बऱ्याचदा त्याच्या नशिबाने नाही तर आधीच्या दानाला केलेल्या घाईने.

एक पट मांडूनच बघा. आपल्या सहाव्या घरावर ४ सोंगट्या, पाचव्या, चौथ्या आणि तिसऱ्या घरावर २-२, दुसऱ्या घरावर ३. दोन आधीच बाहेर गेल्यात. पहिल्या घरावर त्याचा अँकर, म्हणजे त्या दोन सोंगट्यांचा पक्का ठिय्या, आहे. दान पडले सहा-दोन.

सहाची सोंगटी सहाव्या घरावरून बाहेर जाणार, त्यात निवड नाही. प्रश्न दोनाचा. दुसऱ्या घरावर तीन आहेत, त्यातली एक बाहेर काढली तर काहीच उघडे पडत नाही आणि शिवाय एक सोंगटी कमी होते. हात आपोआप तिकडे जातो. दुसरा पर्याय म्हणजे सहाव्या घरावरून चौथ्यावर एक सोंगटी सरकवणे. यात बाहेर काहीच जात नाही, म्हणून दान वाया गेल्यासारखे वाटते. या दानापुरते दोन्ही पर्याय सुरक्षित आहेत. फरक पुढच्या दानाला कळतो.

बाहेर काढलीत तर पट असा उरतो: सहाव्यावर ३, बाकी चारही घरांवर २-२. दोन फाशांची एकूण ३६ दाने (सहा-पाच आणि पाच-सहा ही दोन वेगळी दाने, जोड मात्र एकदाच). त्यातली किती दाने आपल्याला एकटी सोंगटी सोडायला लावतात ते मोजा. सहा-एकपासून सहा-पाचपर्यंत सगळी, म्हणजे १०. त्यात पाच-चार आणि चार-तीन मिळवा, आणखी ४. मग सहाची आणि चाराची जोड, २. झाली १६. जवळपास निम्मी दाने!

सरकवलीत तर पट होतो सहाव्यावर २, पाचव्यावर २, चौथ्यावर ३, तिसऱ्यावर २, दुसऱ्यावर ३. इथे फक्त सहा-पाच, पाच-चार आणि चाराची जोड त्रास देतात. एकूण ५ दाने.

एकटी सोंगटी पडली की ती मारायला त्याला साधारण ३६ पैकी ११ दाने मिळतात, कारण मधली घरे आपली असल्याने दोन फासे जोडून त्याला पोचता येत नाही. दोन एकट्या पडल्या तर हीच दाने २० होतात. हे धरून पुढच्या एका फेरीत मार खायची शक्यता पहिल्या पर्यायात सुमारे १४ टक्के येते आणि दुसऱ्यात ६ टक्क्यांच्या आत. एक सोंगटी लवकर काढायची ही किंमत.

असे का होते? प्रत्येक घराला दोन सोंगट्या राखणीला लागतात. तिसरी असेल तर ती मोकळी. पहिल्या पर्यायात आख्ख्या पटावर मोकळी सोंगटी एकच, आणि तीही सहाव्या घरावर. सहा पडला की ती गेली. मग दुसऱ्या फाशाला खेळायला मोकळे काही उरत नाही, आणि खेळता येत असेल तर खेळावेच लागते. कुठले तरी घर फुटते. दुसऱ्या पर्यायात सहाव्या घरावर दोनच आहेत, त्यामुळे सहा-चार पडले तर एक बाहेर, एक दुसऱ्या घरावर, आणि सहावे घर एका दमात रिकामे.

त्याचा अँकर आणखी एक त्रास देतो, तो पटकन लक्षात येत नाही. पहिले घर त्याचे असल्यामुळे सहाव्यावरून पाच आणि पाचव्यावरून चार खेळता येत नाही. म्हणून पाच पडला की तो पाचव्या घरावरूनच बाहेर काढावा लागतो. सहा-पाच आणि पाच-चार ही दाने वारंवार नडतात ती यामुळेच.

इथून बरेच जण एक नियम पाठ करतात: वरच्या घरांवर सोंगट्या सम ठेवा. नियम वाईट नाही, पण त्याला डोळे झाकून धरणे ही दुसरी चूक. आपण शहाण्यासारखे सरकवले आणि समोरच्याला काही मिळाले नाही असे धरा. आता दान पडते तीन-एक. सम ठेवणारा काय करेल? तिसऱ्या घरावरची एक बाहेर, चौथ्यावरची एक तिसऱ्यावर. सहा, पाच, चार, तीन या सगळ्या घरांवर २-२, दुसऱ्यावर ३. दिसायला देखणे, आणि एक सोंगटी बाहेरही गेली. धोक्याची दाने ४, सहा-पाच आणि पाच-चार, पण त्या प्रत्येकात दोन-दोन सोंगट्या एकट्या पडतात.

त्याऐवजी तीन आणि एक दोन्ही सहाव्या घरावरून खेळा: एक तिसऱ्यावर, एक पाचव्यावर. सहावे घर संपले. पाच, चार, तीन, दोन, प्रत्येकावर ३. वरच्या घरावर विषम सोंगट्या, नियमाप्रमाणे चूक! पण धोका फक्त सहा-पाचचा, म्हणजे २ दाने, आणि तेव्हाही एकच सोंगटी उघडी पडते. मार खायची शक्यता ६ टक्क्यांवरून २ च्याही खाली. आधी तीन सोंगट्या वाईट होत्या आणि इथे चांगल्या, कारण इथे प्रत्येक घरावर एक मोकळी आहे. दुसऱ्या फाशाला कुठेतरी सोय आहेच. सम-विषम मोजण्याआधी मोकळ्या किती आणि कुठे, ते मोजा. शिवाय सगळ्यात मागचे घर पुढे कधीतरी सोडवावेच लागणार असते, ते आत्ताच उरकले.

तिसरी चूक घर फुटणार हे नक्की झाल्यावर होते. त्याच पटावर तीन-एकच्या जागी पाच-चार पडले समजा. पाच पाचव्या घरावरून बाहेर. तिथे एक एकटी राहिली. आता ‘मागचे घर आधी सोडवा’ म्हणून चार सहाव्यावरून दुसऱ्यावर खेळलात, तर सहाव्यावरही एक एकटी. त्याला मारायला २० दाने. तोच चार चौथ्या घरावरची मोकळी सोंगटी बाहेर काढायला वापरला तर उघडी एकच राहते आणि दाने ११. म्हणजे इथे अधाशीपणाच बरोबर! मीही हा चार कितीदा सवयीने मागून खेळलोय. फुटलेल्या पटावर मागचे-पुढचे बघायचे नसते, त्याची दाने मोजायची असतात.

ही सगळी मोजणी त्याचा अँकर दोन सोंगट्यांचा आहे तोवरची. त्यातली एक निघून गेली तर पहिले घर आपल्यालाही खेळायला मोकळे होते, अडलेले पाच आणि चार सुटतात; तेव्हा नव्याने मोजावे लागते.

आणि सावधपणालाही मर्यादा आहे. खेळण्याआधी त्याचा होम बोर्ड, म्हणजे मार खाल्लेली आपली सोंगटी जिथून परत आत येते ती त्याची सहा घरे, बघा. त्याची पाच घरे बांधलेली असतील तर एक मार म्हणजे डाव गेल्यातच जमा. तिथे वरच्यासारखाच खेळ करा. पण वाट बघता बघता त्याचा बोर्ड मोडला असेल, सोंगट्या खालच्या घरांवर साचल्या असतील, तर मार खाऊनही आपण पटकन आत येतो. त्यात त्याची एकही सोंगटी बाहेर गेली नसेल आणि गॅमन, म्हणजे दुप्पट गुण, एक-दोन सोंगट्यांच्या अंतरावर असेल, तर सहा-दोनमधला तो दोन बाहेर काढायचा विचार मी नक्की करेन.