पोर्टफोलिओ विमा करताना या चुका टाळा: फ्लोअर मोडतो तो गॅपमुळे

‘पोर्टफोलिओ विमा’ या नावामुळे अनेकांचा असा समज होतो की बाजार कोसळला तर कोणीतरी भरपाई देणार आहे. प्रत्यक्षात येथे विमा कंपनी नसते, पॉलिसी नसते आणि हमी देणारा कोणीही नसतो. बाजार पडू लागला की शेअर विकत जायचे आणि वर जाऊ लागला की पुन्हा घ्यायचे, एवढाच हा नियम आहे. तो पाळला तर पुट ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या किमतीला विकण्याचा हक्क, विकत घेतल्यासारखा परिणाम मिळतो, असे मानले जाते. हे ‘मिळते’ कोणत्या अटीवर, हा प्रश्न नवशिके विचारत नाहीत आणि पुढच्या बहुतेक चुका तेथूनच सुरू होतात.

या पद्धतीचे सर्वांत सोपे रूप म्हणजे सीपीपीआय, अर्थात कॉन्स्टंट प्रपोर्शन पोर्टफोलिओ इन्शुरन्स. आपली रक्कम ज्या पातळीखाली जाऊ द्यायची नाही ती पातळी म्हणजे फ्लोअर. एकूण रकमेतून फ्लोअर वजा केल्यावर जे उरते ते कुशन. कुशनला ठरावीक मल्टिप्लायरने गुणून जी रक्कम येते तेवढी शेअरमध्ये ठेवायची आणि बाकीची लिक्विड फंडासारख्या सुरक्षित जागी ठेवायची.

शेअरमधील रक्कम = मल्टिप्लायर × (एकूण रक्कम − फ्लोअर)

पहिली चूक अशी की फ्लोअरपर्यंतचा रस्ता सलग असेल, असे गृहीत धरले जाते. समजा १ कोटी रुपये आहेत, फ्लोअर ८० लाखांचा आहे आणि मल्टिप्लायर ४ आहे. कुशन २० लाख, म्हणून शेअरमध्ये ८० लाख. बाजार १० टक्के पडला की शेअरचे ७२ लाख होतात, एकूण ९२ लाख आणि कुशन १२ लाख उरते. नियमाप्रमाणे शेअरमध्ये आता ४८ लाखच हवेत, म्हणून २४ लाखांचे शेअर विकावे लागतात. आणखी दोनदा १० टक्क्यांची घसरण झाली आणि मध्ये प्रत्येक वेळी नियम पाळला, तर शेवटी हातात सुमारे ८४.३ लाख राहतात. सुरुवातीपासून मोजली तर ही घसरण २७.१ टक्क्यांची आहे, तरीही फ्लोअर शाबूत आहे.

आता तीच २७.१ टक्क्यांची घसरण एका झटक्यात, मध्ये एकही सौदा करायची संधी न देता आली असे समजा. भावाच्या अशा उडीलाच गॅप म्हणतात. शेअरमधले ८० लाख ५८.३ लाखांवर येतात, एकूण ७८.३ लाख होतात आणि फ्लोअर मोडतो. दोन्ही वेळी बाजार पोहोचला त्याच भावाला. फरक एवढाच की पहिल्या वेळी मधल्या पायऱ्यांवर विकता आले आणि दुसऱ्या वेळी त्या पायऱ्याच नव्हत्या. पुट ऑप्शन हातात असता तर भाव कोणत्या वाटेने खाली आला याने काही बिघडले नसते, कारण ठरलेल्या किमतीला विकण्याचा हक्क आधीच पैसे मोजून घेतलेला असतो. शेअर विकून आणि पुन्हा घेऊन उभा केलेला पुट मात्र वाटेवरच जगतो.

याची मर्यादा मोजायला सोपी आहे. नियमाप्रमाणे शेअर विकून किंवा घेऊन प्रमाण पुन्हा जुळवणे म्हणजे रिबॅलन्सिंग. दोन रिबॅलन्सिंगच्या मध्ये घसरण १ ÷ मल्टिप्लायरपेक्षा मोठी झाली की फ्लोअर मोडतो. मल्टिप्लायर ४ असेल तर २५ टक्के, ५ असेल तर २० टक्के आणि ८ असेल तर १२.५ टक्के. येथे लोक मागच्या दहा वर्षांचे आकडे काढतात. २०१० ते २०१९ या दशकात निफ्टीची एका दिवसातली सर्वांत मोठी घसरण २४ ऑगस्ट २०१५ रोजी, सुमारे ५.९ टक्क्यांची झाली होती. ८ च्या मल्टिप्लायरला त्याच्या दुपटीहून अधिक जागा आहे, असे पाहून समाधान मानले जाते. २३ मार्च २०२० रोजी निफ्टी एका दिवसात १२.९८ टक्के पडला आणि ८ चा मल्टिप्लायर ठेवून रोज संध्याकाळी नियम काटेकोर पाळणाऱ्यांचाही फ्लोअर मोडला. शांत दशकाच्या आकड्यांवरून मल्टिप्लायर ठरवणे मला मुळीच मान्य नाही. ज्या दिवसांसाठी ही पद्धत वापरायची, तेच दिवस त्या आकड्यांत नसतात.

दुसरी चूक मला अधिक सतावते, कारण ती समजूतदार माणसेही करतात: घसरणीत विक्री पुढे ढकलणे. माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांनी निवृत्तीची रक्कम निफ्टी ईटीएफ आणि लिक्विड फंड यांत याच नियमाने ठेवली होती. त्यांची खरी रक्कम वेगळी होती, म्हणून प्रमाण तेच ठेवून आकडे १ कोटीवर मांडतो. ११ मार्च २०२० च्या संध्याकाळी एकूण १ कोटी, फ्लोअर ८५ लाख, मल्टिप्लायर ५, म्हणजे शेअरमध्ये ७५ लाख. वीस टक्क्यांची एकरकमी घसरणही झेपेल अशी ही मांडणी होती आणि तिच्यात काही चूक नव्हती.

१२ मार्चला निफ्टी ८.३ टक्के पडला. एकूण ९३.८ लाख उरले, कुशन ८.८ लाखांवर आले आणि नियमाप्रमाणे सुमारे २५ लाखांचे युनिट विकायला हवे होते. “एवढ्या पडल्या भावात विकू नये, उद्या उसळी येईल,” असे ते म्हणाले आणि दुर्दैवाने त्यांचे म्हणणे खरे ठरले. १३ तारखेला बाजार उघडताच १० टक्क्यांचे सर्किट लागले, व्यवहार ४५ मिनिटे थांबले, पण दिवसअखेर निफ्टी ३.८ टक्के वर बंद झाला. नियम मोडल्याचे बक्षीस मिळाले की माणूस पुन्हा नियमाकडे वळत नाही. १६, १७, १८ आणि १९ मार्चला बाजार रोज खाली गेला. १९ तारखेला त्यांची रक्कम ८४.३ लाख झाली, म्हणजे फ्लोअर मोडलाच होता. २० तारखेला पुन्हा उसळी आली, आकडा ८७.७ लाखांवर गेला आणि धीर धरल्याचे सार्थक झाले असे त्यांना वाटले.

त्या शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या कागदावर मल्टिप्लायर ५ च लिहिलेला होता. प्रत्यक्षात शेअरमध्ये ६२.७ लाख होते आणि कुशन फक्त २.७ लाख, म्हणजे खरा मल्टिप्लायर २३ झाला होता. केवळ ४.३ टक्क्यांची घसरण फ्लोअर मोडायला पुरेशी होती. सोमवारी, २३ मार्चला, निफ्टी शुक्रवारच्या बंद भावापेक्षा सुमारे ९ टक्के खाली उघडला. पहिला सौदा होण्याआधीच रक्कम ८२ लाखांवर आली होती, पहिल्या तासात पुन्हा सर्किट लागले आणि दिवसअखेर ती ७९.६ लाख होती. याच काळात रोज बाजार बंद होताना नियम पाळला असता, तर खर्च आणि व्याज सोडून, सुमारे ८६.६ लाख उरले असते. गॅप तोच होता, पण तो आला तेव्हा शेअरमध्ये ६३ लाखांऐवजी २३ लाखच असते.

येथे कोणी म्हणेल की न विकणाऱ्यांची रक्कम डिसेंबरपर्यंत भरून आली. हे खरे आहे. २०२० संपताना निफ्टी १३,९८१ वर होता, आणि नियम पाळणाऱ्याकडे २३ मार्चनंतर शेअर इतके थोडे उरले असते की ती तेजी त्याला फारशी मिळाली नसती. ही या पद्धतीची ठरलेली किंमत आहे आणि ती आधीच मान्य करावी लागते. ज्याला ती मान्य नाही, त्याने फ्लोअर ठेवूच नये. पण फ्लोअर ठेवायचा आणि विकायच्या दिवशी दीर्घकालीन गुंतवणूकदार व्हायचे, हे दोन्ही एकत्र चालत नाही.

तिसरी चूक म्हणजे विकायला निघालो की घेणारा असेलच, असे समजणे. याचे मोठे उदाहरण अमेरिकेतले आहे. हेन लेलँड आणि मार्क रुबिनस्टाइन या प्राध्यापकांनी ऑप्शनच्या गणितावरून ही पद्धत बाजारात आणली आणि १९८७ पर्यंत पेन्शन फंडांसारख्या मोठ्या संस्थांचे ६० ते ९० अब्ज डॉलर अशा नियमांखाली होते. त्या ऑक्टोबरमध्ये बुधवार ते शुक्रवार बाजार सुमारे १० टक्के उतरला. या घसरणीची चौकशी करणाऱ्या, निकोलस ब्रॅडी यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालानुसार, नियमांप्रमाणे शुक्रवारपर्यंत सुमारे १२ अब्ज डॉलरची विक्री व्हायला हवी होती. प्रत्यक्षात ४ अब्जांपेक्षाही कमी झाली. राहिलेली विक्री सोमवारी, १९ ऑक्टोबरला करायची होती आणि हे बाजारातल्या इतरांनाही कळत होते. पुढचा माणूस विकणारच आहे हे ठाऊक असताना आधी घेणारा मिळत नाही. एस अँड पी ५०० निर्देशांक त्या दिवशी २०.५ टक्के पडला, तर त्याचे फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेला ठरलेल्या भावाने व्यवहार करण्याचे करार, सुमारे २९ टक्के. विमा करणारे विकत होते ते मुख्यतः फ्युचर्स, त्यामुळे निर्देशांकाच्या भावावर केलेले त्यांचे हिशेब त्यांना मिळणाऱ्या भावाला लागूच पडत नव्हते. आपला छोटा पोर्टफोलिओ बाजार हलवत नाही हे खरे, पण आपल्यासारखाच नियम इतर किती जण चालवत आहेत हे आपल्याला दिसत नाही आणि गॅप तेथूनही जन्माला येतो.

उरलेल्या चुका थोडक्यात सांगतो. भाव ठरावीक पातळीला, म्हणजे ट्रिगरला, आला की आपोआप विकणारी स्टॉप-लॉस ऑर्डर लावली म्हणजे गॅपचा बंदोबस्त झाला असे नाही. भाव ट्रिगर ओलांडून उघडला तर मार्केट ऑर्डर खालच्या भावाला जाते आणि लिमिट ऑर्डर तशीच पडून राहते. रोज कितीतरी वेळा रिबॅलन्सिंग करणे हाही उपाय नव्हे. १३ मार्चला ज्याने नीचांकाजवळ विकून संध्याकाळी परत घेतले, त्याने एका दिवसात मोठा तोटा स्वतःच पक्का केला. शिवाय शुक्रवार संध्याकाळ आणि सोमवार सकाळ यांच्यामध्ये कितीही उत्साही माणसाला सौदा करता येत नाही. एकाच कंपनीच्या शेअरवर ही पद्धत चालवू नये. तिमाही निकालानंतरच्या सकाळी तेथे काय होते हे सर्वांना ठाऊक आहे.

मी मल्टिप्लायर ३ किंवा ४ च्या वर नेत नाही. ज्यांना तो कंटाळवाणा वाटतो, त्यांना फ्लोअरपेक्षा तेजीतच अधिक रस असतो, असा माझा अनुभव आहे. रोज संध्याकाळी मी एकच आकडा लिहितो: कुशन भागिले शेअरमधली रक्कम, टक्क्यांत. उद्या सकाळी किती टक्क्यांचा गॅप झेपेल, ते तोच सांगतो. मल्टिप्लायर ४ असताना तो २५ च्या आसपास हवा. तो २० च्या खाली गेला तर त्याच दिवशी विक्री करतो आणि बातम्या पाहून हा निर्णय बदलत नाही. निवडणूक निकाल किंवा अर्थसंकल्पाच्या आधी, शेअरमधल्या निम्म्या रकमेसाठी, बाजारभावापेक्षा बऱ्याच खालच्या ठरलेल्या किमतीचे निफ्टी पुट घेऊन ठेवतो. ते बहुधा वाया जातात आणि त्यांचा प्रीमियम मी वर्षाच्या खर्चात आधीच धरलेला असतो. झटक्यात येणाऱ्या घसरणीसमोर नियमाला जे जमत नाही, ते काम मी या पुटकडून विकत घेतो.