गळा बघून रेझर निवडा: कार्ट्रिज, सेफ्टी रेझर की इलेक्ट्रिक शेव्हर

दुकानात उभं राहून पाती मोजू नका. तीन पात्यांचा घेऊ की पाच पात्यांचा, हा प्रश्नच नाजूक कातडीच्या माणसासाठी उलट्या टोकाकडून सुरू होतो. गालावर कुठलंही हत्यार चालतं. गालाचा केस सरळ खाली वाढतो आणि तिथली कातडी सपाट असते. तुमचा रेझर ठरवायचा तो गळ्यावरून, म्हणजे जबड्याच्या हाडाखालपासून कंठमण्यापर्यंतच्या चार बोटांच्या पट्ट्यावरून. गोव्यात तर जास्तच, कारण घाम तिथेच साचतो आणि हेल्मेटचा पट्टाही तिथेच घासतो.

पहिली पायरी: तुम्हाला नेमका त्रास काय आहे ते ठरवा

‘दाढी केली की आग होते’ एवढ्यावर रेझर निवडता येत नाही. त्रास कधी सुरू होतो आणि कुठे होतो ते बघा.

दाढी झाल्याझाल्या लाली आली, झोंबलं आणि संध्याकाळपर्यंत सगळं शांत झालं, तर तो घासल्याचा त्रास. जोर जास्त लागला, नाहीतर एकाच जागी पुन्हा पुन्हा हात फिरला. याला यंत्र बदलावं लागेलच असं नाही.

पुटकुळ्या एक-दोन दिवसांनी आल्या, त्याही गळ्यावर, आणि उजेडात धरून पाहिल्यावर एखादीत काळा केस वळून आत शिरलेला दिसला, तर तो आत वळलेल्या केसाचा त्रास. कुरळ्या, जाड केसांच्या पुरुषांना हा फार होतो. इथे मात्र यंत्राची निवड खरोखर महत्त्वाची.

जिथे पातं लागलंच नाही तिथेही, म्हणजे फेस पसरला होता तिथे सगळीकडे खाज आली, तर दोष रेझरचा नाही. फेस किंवा आफ्टरशेव्ह बदला, बिनवासाचा घ्या. आणि कडेने उठलेलं, वाढत जाणारं गोल चट्टं दिसलं तर तो बहुधा नायटा. आपल्या दमट हवेत तो सहज होतो. फार्मसीतून मलम आणून लावू नका. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, चट्टा आधी दबतो आणि मग दुप्पट पसरतो. त्वचेच्या डॉक्टरला दाखवा, आणि पू भरलेले फोड भराभर येत असतील तरीही.

दुसरी पायरी: गळ्याचा नकाशा काढा

माझंही बराच काळ याच पायरीवर अडत होतं, आणि बहुतेक सल्ले हीच गाळतात. ‘केसाच्या दिशेने दाढी करा’ म्हणून सगळेच सांगतात, पण गळ्यावर केसाला एक दिशा नसते. डाव्या बाजूला केस खालून वर चढतो, उजवीकडे कानाकडून आडवा येतो, मधे कंठाजवळ भोवरा असतो. तुमच्या भावाचा गळा आणि तुमचा गळाही एकसारखा निघणार नाही.

दोन-तीन दिवस दाढी वाढू द्या. चवथीची सुट्टी याला उत्तम, घरात कोणी विचारत नाही. मग कोरड्या गळ्यावर कापसाचा बोळा हलकेच सगळ्या बाजूंनी फिरवा. ज्या दिशेने तो अडकतो, ती उलटी दिशा. ज्या दिशेने सरकतो, ती सुलटी. जबड्याखालची डावी बाजू, उजवी बाजू, कंठ आणि गळ्याचा तळ, असे चार भाग वेगवेगळे तपासा आणि कागदावर गळा काढून बाण मारा. हसू येईल, पण काढा. आरशात डावं-उजवं उलटतं आणि रेझर हातात असताना आठवत नाही.

हे इतकं लावून धरतो त्याला कारण आहे. बहुपाती कार्ट्रिजमध्ये पुढचं पातं केस किंचित वर ओढतं आणि मागचं पातं तो ओढलेल्या स्थितीत कापतं. सोडल्यावर केस कातडीच्या पातळीखाली जातो. सरळ केस पुन्हा वर येतो. कुरळा केस वाटेतच वळतो, आणि कापताना त्याला तिरकं टोक आलेलं असतं, ते कातडीत घुसतं. उलटा हात मारला तर केस आणखी खोल कापला जातो. कातडी वर ताणून धरली तरीही तेच. म्हणजे ज्या तीन गोष्टींनी गळा ‘काचेसारखा गुळगुळीत’ होतो, त्याच तीन गोष्टींनी पुटकुळ्या येतात. आत वळणारा केस असेल तर गुळगुळीत गळ्याचा हट्ट सोडा. हाताला थोडे खुंट लागले पाहिजेत, नजरेला दिसले नाहीत की पुरे.

तिसरी पायरी: आता निवडा

त्रास फक्त घासल्याचा असेल आणि आत वळलेला केस कुठेच नसेल, तर कार्ट्रिज चालेल. दोन पात्यांचं घ्या. पाच पात्यांच्या फटी इतक्या बारीक असतात की तीन दिवसांचे खुंट आणि फेस त्यात अडकतात, मग माणूस नकळत दाबतो. खुंट वाढले असतील तर आधी ट्रिमर फिरवा. हात थरथरत असेल, किंवा बोटीवर नोकरीला असाल आणि पायाखालची जमीन हलत असेल, तरीही कार्ट्रिजच. तिथे दुधारी ब्लेड नको.

आत वळलेला केस असेल आणि रोज दाढी करणं सक्तीचं नसेल, तर सेफ्टी रेझर. त्याचं एकच पातं केस ओढून न धरता कातडीलगत कापतं. रेझर मवाळ घ्या, म्हणजे पात्याखालची पट्टी सलग असलेला. दातेरी पट्टीचे रेझर दाट, वाढलेल्या दाढीसाठी असतात, नाजूक कातडीला ते नकोत. ब्लेड काही रुपयांत मिळतं, म्हणून चार-पाच दाढ्यांनंतर टाकून द्यायला जीव दुखत नाही. बोथट पातं ओढतं, तेही केसाला आत ढकलण्यासारखंच.

आत वळलेला केस असेल आणि रोज दाढी करावीच लागत असेल, तर इलेक्ट्रिक शेव्हर, तोही जाळीचा. जाळीमुळे पातं कातडीला टेकत नाही, केस पृष्ठभागाच्या किंचित वर कापला जातो. त्याच्या दोन अडचणी आहेत. गळ्यावर आडवा पडलेला केस जाळीच्या भोकात शिरत नाही. मग माणूस तीच जागा दहादा घासतो, जाळी तापते आणि गळा लाल होतो. दुसरी अडचण घामाची. ओल्या, चिकट कातडीवर जाळी अडखळते. आंघोळीआधी, पंख्याखाली, चेहरा कोरडा असताना दाढी करा आणि गळ्याला चिमूटभर टाल्कम पावडर चोळा. पहिल्या आठवड्यात कातडी कुरकुरतेच, म्हणून तीन-चार आठवडे वापरल्याशिवाय निकाल देऊ नका.

पुटकुळ्या आत्ताच फुललेल्या असतील तर यातलं काहीही नको. तीन-चार आठवडे ट्रिमरने एक मिलिमीटर ठेवा आणि कातडी शांत होऊ द्या. आत वळलेला केस चिमट्याने उपटू नका. नवा येणारा केस पुन्हा तिथेच अडकतो.

चौथी पायरी: सेफ्टी रेझरचा हात

कार्ट्रिजवरून आलेल्या माणसाचे दोन्ही गाल पहिल्याच दिवशी कापतात, कारण कार्ट्रिजचं डोकं हलतं आणि कोन स्वतः धरतं. इथे कोन तुम्ही धरायचा. रेझरचं डोकं गालावर सपाट टेकवा, दांडा सरळ बाहेर. मग दांडा हळूहळू खाली आणत चला. पातं जिथे केसाला पहिल्यांदा लागतं, तिथे थांबा. साधारण तीस अंशांचा कोन होतो. दांडा शेवटाकडे, दोन बोटं आणि अंगठ्यात धरा. मुठीत धरलात की दाबणारच. रेझरचं वजन पुरेसं असतं. हात इंचभराचाच मारा आणि खरखर आवाज ऐका. आवाज बंद झाला म्हणजे पातं केसावर नाही, नुसतं कातडीवर आहे.

कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं दाढी भिजवा, ब्रशने फेस करा. गाल एकदा सुलटा. गळा नकाशाप्रमाणे, भागाभागाने सुलटा. खुंट राहिलेच तर पुन्हा फेस लावून आडवा हात. उलटा हात गळ्यावर कधीच नाही, लग्नाच्या दिवशीही नाही.

मग थंड पाणी, आणि ओल्या गळ्यावरून तुरटीचा खडा. तुरटी जिथे झोंबेल तिथे तुम्ही दाबलंत. दोन-चार दाढ्या हे लक्षात ठेवा. नेहमी एकाच जागी झोंबत असेल तर तिथला बाण चुकीचा काढलाय, बोळा पुन्हा फिरवा. तुरटी मिनिटभराने धुऊन टाका, नाहीतर कातडी ताठरते.

माझा भाचा कळंगुटला एका हॉटेलात रिसेप्शनवर आहे. रोज गुळगुळीत चेहरा, हा नोकरीचा नियम. पाच पात्यांचं कार्ट्रिज, सकाळी साडेपाचला घाईत, गळ्यावर खालून वर. उजव्या जबड्याखाली पुटकुळ्यांची रांग, त्यावर हेल्मेटचा पट्टा. रजा घेऊन दाढी वाढवली तेव्हा बोळा उजवीकडे आडवाच सरकला, म्हणजे तो रोज तिथे केसाला आडवा कापत होता. डावीकडे केस वर चढत होता, म्हणून डावी बाजू शाबूत होती. आता सुट्टीच्या आदल्या रात्री तो सेफ्टी रेझरने नकाशाप्रमाणे दाढी करतो आणि कामाच्या दिवशी जाळीचा शेव्हर वापरतो, तोही रात्री झोपण्याआधी. सकाळच्या घामाआधी कातडीला आठ तास मिळतात. रांग गेली, दोन-तीन काळे डाग अजून आहेत, ते निवळायला महिने लागतात.

पावसाळ्यात रेझर न्हाणीघरात ठेवू नका. धुवा, झटका, पातं न पुसता कपाटात उभा ठेवा. गंजाचा ठिपका दिसला की ब्लेड बदला. वापरलेली ब्लेडं पत्र्याच्या डबीत साठवा आणि डबी भरली की चिकटपट्टी लावून, वर ‘ब्लेड’ लिहून कचरा नेणाऱ्याच्या हातात वेगळी द्या.