काट्याच्या सॉफ्टवेअरचा करार थांबवायचा असेल, तर संक्रांतीआधीची तयारी

मी राळेगावकडच्या एका जिनिंगमध्ये दिवाणजी आहे. गाड्यांच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर, जनरेटर, कॅमेरे, सगळ्यांचे वार्षिक देखभाल करार आमच्याकडे ३१ मार्चला संपतात. संपतात म्हणजे कागदावर. खरं तर त्यातले बरेचसे आपोआप पुढच्या वर्षात जातात, कारण आतल्या पानावर एक ओळ असते: मुदत संपण्याच्या अमुक दिवस आधी लेखी नकार आला नाही, तर करार आणखी एका वर्षासाठी वाढला असं समजावं. हे अमुक दिवस बहुतेक वेळा जानेवारीत पडतात. जानेवारीत आमच्या गेटबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग असते, रात्री दहापर्यंत वजनाच्या काटापट्ट्या फाटत असतात आणि फाइल उघडायला कोणालाच सवड नसते. म्हणून ही तयारी दसऱ्याला, प्लँटची तेलपाणी चालू असतानाच करून ठेवायची.

आधी मूळ करार शोधा. बिल म्हणजे करार नव्हे. मागच्या वर्षीच्या बिलावर फक्त रक्कम आणि कालावधी असतो. नकाराची अट करारात ‘मुदत’, ‘टर्म’ किंवा ‘रिन्यूअल’ या मथळ्याखाली असते, कधी कोटेशनच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात. त्या कलमातून तीन गोष्टी वहीत उतरवून घ्या. मुदत कोणत्या तारखेला संपते, नकार किती दिवस आधी द्यायचा, आणि तो ‘पाठवायचा’ आहे की ‘मिळायला’ हवा. तिसऱ्या गोष्टीकडे लोकांचं लक्ष जात नाही. ‘मिळायला हवा’ असं लिहिलं असेल, तर पोस्टात टाकलेली तारीख तुमच्या कामाची नाही.

आता तारीख मोजू. आमच्या करारात ‘मुदत संपण्यापूर्वी किमान ६० दिवस’ असं होतं आणि मुदत ३१ मार्च २०२६ला संपत होती. ३१ मार्चपासून उलटे ६० दिवस मोजले की ३० जानेवारी येते. ‘पूर्ण ६० दिवस’ असं लिहिलं असेल, तर दोन्ही टोकांचे दिवस धरायचे की सोडायचे यावर वाद घालता येतो, म्हणून २९ जानेवारीच शेवटची धरायची. ‘दोन महिने’ असं लिहिलं असेल तर हिशेब ३१ जानेवारीवर जातो. २०२८सारख्या लीप वर्षात ६० दिवसही ३१ जानेवारीलाच पडतात. एका-दोन दिवसांच्या या खेळात आपण उतरायचंच कशाला? २०२६च्या जानेवारीत २४ तारखेला चौथा शनिवार, २५ला रविवार आणि २६ला प्रजासत्ताक दिन. कंपनीचं ऑफिस तीन दिवस बंद. म्हणून मी वहीत ‘३० जानेवारी’ लिहिलंच नाही, ‘१० जानेवारीला पोचलं पाहिजे’ असं लिहिलं.

ही शिस्त फुकट आलेली नाही. त्याआधीच्या वर्षी काट्याजवळ चहा पिता पिता मी सॉफ्टवेअर कंपनीच्या इंजिनिअरला सांगितलं होतं, भाऊ, यंदा आपल्याला हे पुढे चालवायचं नाही. तो म्हणाला, ‘हो न दिवाणजी, मी ऑफिसात सांगतो.’ त्यानं सांगितलं असेलही. एप्रिलमध्ये ४८,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५६,६४० रुपयांचं बिल आलं. आमच्याजवळ दाखवायला एक ओळ कागद नव्हता. शेठ म्हणाले, ‘काहून, तुम्ही त्याला सांगतलं होतं न?’ सांगितलं होतं, पण ते सांगणं कागदावर नव्हतं, आणि ज्याला सांगितलं त्याला ते ऐकून घ्यायचा अधिकारही नव्हता.

त्यामुळे नकार कोणाला आणि कोणत्या पत्त्यावर, हे तारखेइतकंच नीट पाहा. करारात ‘नोटीस’ या मथळ्याखाली पत्ता आणि बहुधा ईमेल दिलेला असतो. पत्र त्याच पत्त्यावर आणि ईमेल त्याच आयडीवर. विक्रीवाल्याचा व्हॉट्सअ‍ॅप किंवा सर्व्हिस इंजिनिअरचा खासगी मेल इथे चालत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम १३मध्ये याचं कारण सापडतं. दोन्ही पक्षांनी वेगळं ठरवलं नसेल, तर ठरवून दिलेल्या ईमेलवर पाठवलेला मजकूर तिथे शिरला त्या क्षणी मिळाला असं धरतात. दुसऱ्याच ईमेलवर पाठवलात, तर समोरच्यानं तो उघडून घेतला तेव्हा मिळाला असं धरतात. म्हणजे चुकीच्या आयडीवर ५ जानेवारीला पाठवलेलं पत्र त्यानं १० फेब्रुवारीला उघडलं, तर तुमची तारीख १० फेब्रुवारी. करारात ईमेल चालेल असं लिहिलेलंच नसेल, तर ईमेल सोबतीला पाठवा, पण भिस्त पोस्टावरच ठेवा.

पोस्टाच्या बाबतीत एक नवी अडचण आहे. जुन्या करारांत सर्रास ‘रजिस्टर एडीने’ असं लिहिलेलं असतं. २०२५मध्ये टपाल खात्यानं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये मिसळून टाकलं. खिडकीवर रजिस्टर एडी मागितलं की कारकून तोंडाकडे पाहतो. त्याला स्पीड पोस्ट नोंदणीसह आणि पोचीच्या पुराव्यासह, असं सांगायचं, आणि पत्रात एक वाक्य घालायचं की करारात सांगितलेल्या रजिस्टर पोस्टाऐवजी हे नोंदणीकृत स्पीड पोस्टने पाठवलं आहे. पावती पत्राच्या स्थळप्रतीला टाचा. पत्र पोचल्याचं ट्रॅकिंगवर दिसलं, की त्याच दिवशी त्याचा प्रिंट काढा. महिन्यानंतर शोधू म्हटलं की राहून जातं. करारात कुरिअर चालेल असं स्पष्ट नसेल, तर कुरिअरच्या वाटेला जाऊ नका.

पत्रात काय लिहायचं, यात बहुतेक लोक जास्त लिहून चुकतात. करार मध्येच रद्द करणं वेगळं आणि मुदत संपल्यावर पुढे न चालवणं वेगळं. रद्द करण्याला दंडाचं, उरलेल्या महिन्यांच्या पैशाचं कलम लागू शकतं. म्हणून ‘रद्द’ हा शब्दच नको. आमचा मजकूर साधारण असा होता: ‘करार क्रमांक अमुक, परवाना क्रमांक अमुक, कलम ९ नुसार आम्ही कळवतो की हा करार ३१ मार्च २०२६ रोजी मुदत संपल्यावर आम्हाला पुढे चालवायचा नाही. त्या तारखेनंतरचं कोणतंही बिल काढू नये. आपल्याकडे असलेला पुढच्या वर्षाचा धनादेश परत पाठवावा.’ करार इंग्रजीत असल्यानं पत्रही इंग्रजीत गेलं. सही ज्या भागीदारानं करारावर केली होती त्याचीच घेतली, माझी नाही.

तक्रारींची यादी त्यात घालायची नाही. ‘दर कमी केला नाही तर पुढे चालवणार नाही’ असंही लिहायचं नाही. त्यानं नकाराला अट लागते, आणि कंपनी दोनशे रुपये कमी करून म्हणू शकते की तुमची अट पाळली. घासाघीस करायची असेल तर जरूर करा, पण स्पष्ट नकार पोचल्यावर आणि वेगळ्या पत्रानं.

धनादेशाबद्दल दोन शब्द. खात्यातून आपोआप पैसे कापले जात असतील, तर बँकेत जाऊन तो आदेश बंद करता येतो. पण त्यानं फक्त पैसे थांबतात, करार थांबत नाही. नकाराचं पत्र गेलं नसेल तर बाकी तुमच्या नावावर उभीच. पुढच्या तारखेचा धनादेश दिला असेल, तर नुसतं ‘स्टॉप पेमेंट’ करून गप्प बसू नका. देणं खरोखर लागू असेल, तर पेमेंट थांबवलेल्या धनादेशावरही चेक न वटल्याची, कलम १३८ची केस होऊ शकते. म्हणून पत्र आधी, बँक नंतर.

पत्र टाकण्याआधी मात्र एक काम उरकलेलं हवं, ते म्हणजे डेटा. मुदत संपली की सॉफ्टवेअरचा परवाना बंद होतो, मग काटापट्ट्या स्क्रीनवर दिसतही नाहीत. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावर जीएसटी आम्हाला उलट पद्धतीनं, खरेदीदार म्हणून भरावा लागतो, त्यामुळे कोणाची गाडी, किती वजन, किती कपात, याचे कागद आमच्याचकडे मागितले जातात. जीएसटी कायद्यात हिशेब वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवायला सांगितले आहेत. कंपनी बॅकअप देते, पण ती `.bak` किंवा `.mdb` फाइल त्यांच्याच सॉफ्टवेअरशिवाय आपल्याला वाचता येईलच असं नाही. म्हणून वर्षवार एक्सेलमध्ये उतरवून घ्या आणि तपासा. आम्ही डिसेंबरच्या एका दिवसाच्या ४३ पट्ट्या कागदाशी लावून पाहिल्या, तर एक्सेलमध्ये रिकाम्या गाडीचं वजनच आलं नव्हतं. कंपनीचा माणूस गोडीत होता तोवर ते दुरुस्त झालं. पत्र गेल्यावर त्याची गोडी किती राहते ते पाहिलेलं आहे.

काट्याच्या करारात आणखी एक गुंता असतो. एकाच बिलात सॉफ्टवेअर, वजनाचा आकडा दाखवणारा इंडिकेटर आणि काट्याखाली वजन टिपणाऱ्या लोडसेलची देखभाल अशी तिन्ही कामं बांधलेली असतात. काट्याची वैधमापनवाल्यांकडून दर १२ महिन्यांनी फेरपडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो, आणि त्याची धावपळ बहुधा हीच कंपनी करते. सॉफ्टवेअर नको म्हणून अख्खा करार सोडला आणि शिक्क्याची मुदत नोव्हेंबरमध्ये संपली, तर ऐन मुहूर्ताला काटा बंद. शिक्क्याचं प्रमाणपत्र काढून तारीख पाहा, आणि दुरुस्तीसाठी परवानाधारक दुसरा माणूस आधी बघून ठेवा. सील तोडून काम झालं की पुन्हा पडताळणी लागते, हेही त्याच्याशी बोलून घ्या. नव्या सॉफ्टवेअरवाल्याला मोघम विचारू नका, इंडिकेटरचं मॉडेल दाखवा आणि त्यावर वजन उचलून दाखवायला सांगा.

पत्र पोचल्यावर फोन येतात. ‘पोर्टलवर टाका’, ‘आमचा फॉर्म भरा’, ‘मॅनेजरसाहेब भेटायला येतायत’. फॉर्म हवा तर भरा, पण पत्र आधीच दिलं आहे असं त्याच ईमेलवर उत्तरात लिहून. मार्चमध्ये पुढच्या वर्षाच्या बिलाचा ‘प्रोफॉर्मा’ नावाचा कागद येतो. तो भरायचा नाही, आणि गप्पही बसायचं नाही. अमुक तारखेच्या पत्राप्रमाणे करार संपत आहे, एवढं एका ओळीत परत पाठवायचं.

शेवटचा धोका कंपनीकडून नाही, आपल्याच माणसाकडून असतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात प्रिंटर अडला, की काट्यावरचा पोरगा सवयीनं जुन्या इंजिनिअरला फोन करतो. तो येतो, सर्व्हिस रिपोर्टवर सही घेतो, आणि मुदतीनंतर सेवा घेतल्याचा कागद तयार होतो. म्हणून ३१ मार्चच्या संध्याकाळी मी काट्याच्या केबिनमध्ये गेलो, भिंतीवर स्केचपेननं लिहिलेला जुना नंबर खोडला, खाली नवा लिहिला, आणि आमच्या सुनीलला तो दोनदा वाचायला लावला.